बाळाच्या खोलीतल्या सहा चित्रांचे प्रॉम्प्ट

ताई, भाऊजी,

सव्वा महिना झाला की ताई बाळाला घेऊन ठाण्याला येईल. त्याआधी भिंत तयार असावी म्हणून सगळे प्रॉम्प्ट एकत्र लिहून ठेवले आहेत. भाऊजी, तुम्ही फक्त कॉपी करून चित्रांच्या ॲपमध्ये टाका. एका वेळी एकच चित्र मागा, आणि प्रत्येकाचे निदान चार नमुने पाहिल्याशिवाय निवडू नका.

रंग मी मनानं ठरवलेले नाहीत. आजीनं बाळासाठी जी गोधडी शिवली आहे, तिच्यातले घेतले आहेत. तिच्या चार जुन्या सुती साड्या त्यात आहेत: मोतिया, फिकट अबोली, धुऊन धुऊन विटलेला पिस्ता, आणि राखाडी निळा. कडेला आमसुली काठाची एक बारीक पट्टी आहे. बाळ जिच्यात गुंडाळलेलं असेल तिचेच रंग भिंतीवर दिसावेत, एवढंच मला हवं आहे.

प्रत्येक प्रॉम्प्टच्या शेवटी हा भाग जसाच्या तसा जोडायचा:

> तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी चित्र. जलरंगाचा पातळ हात, हातकागदाचा पोत, मोतिया पार्श्वभूमी. रंग फक्त मोतिया, फिकट अबोली, विटका पिस्ता, राखाडी निळा आणि अगदी थोडा आमसुली. रंग मंद, जुन्या सुती कापडासारखे, चमक नाही. आकार गोलसर, टोकदार कोपरे नाहीत, काळी बाह्यरेषा नाही. चित्रात एकच प्राणी किंवा एकच माय-लेकराची जोडी. अर्ध्याहून जास्त कागद मोकळा. प्राण्याचे डोळे मिटलेले किंवा खाली झुकलेले, बघणाऱ्याकडे रोखलेले नाहीत. दात दिसत नाहीत, माणसासारखं हसू नाही, कपडे नाहीत, टोपी नाही, फुगे नाहीत. अक्षरं, आकडे, सही काहीही नाही. उभी चौकट ३:४, चारही कडांना रुंद मोकळी जागा.

डोळ्यांचं वाक्य कृपा करून गाळू नका. बाळांच्या चित्रांमध्ये बशीएवढे डोळे काढायची पद्धत पडली आहे. दिवसा ती गोड वाटतात, पण रात्री दोन वाजता झिरोच्या दिव्यात तेच डोळे आपल्याकडे टक लावून बघत असतात. झोपायच्या खोलीत झोपलेला प्राणी असावा.

१. पिसोरी

> सह्याद्रीच्या दाट जंगलातली पिसोरी, अगदी लहान हरीण, उंची एक फुटाहून कमी. पाठ कमानीसारखी गोल, पाय काडीसारखे बारीक, शिंगं अजिबात नाहीत. अंग फिकट तपकिरी, कुशीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या रांगा, गळ्यावर पांढरे पट्टे. पाय पोटाखाली दुमडून वाळलेल्या पानांवर झोपलेली. भोवती तीन-चार मोठी गोल पानं विटक्या पिस्ता रंगात, अर्धी पुसट. वरचा निम्मा कागद रिकामा.

ॲपला पिसोरी बहुतेक ओळखता येणार नाही आणि चितळाचं पाडस येईल. तसं झालं तर ही ओळ वाढवा:

> हे चितळाचं पाडस नाही. मान आखूड, कान लहान, मागचा भाग पुढच्यापेक्षा उंच, एकूण आकार सशाच्या जवळचा.

२. शेकरू

हा आपल्या राज्याचा प्राणी आणि या भिंतीचा खरा मानकरी. गोधडीतला आमसुली रंग जर कुठे भरभरून वापरायचा असेल तर याच्या पाठीवर. भीमाशंकरला गेलो होतो तेव्हा फांदीवर पालथं पडून, चारही पाय दोन्हीकडे सोडून झोपलेलं शेकरू ताईनंच मला दाखवलं होतं. वरून शेपूट खाली लोंबत होती, वाऱ्यानं हलत होती, आणि ते मात्र ढिम्म. तेच मला इथे हवं आहे.

> भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू, मोठी खार, आडव्या जाड फांदीवर पोटावर पसरून गाढ झोपलेलं. चारही पाय फांदीच्या दोन्ही बाजूंनी सैल सोडलेले, हनुवटी फांदीला टेकलेली. पाठ आमसुली, पोट आणि गाल मोतिया. शेपूट झुपकेदार, शरीरापेक्षा लांब, फांदीवरून सरळ खाली लोंबणारी, टोकाला फिकट. मागे दूरवर काटक्या आणि पानांचं एक गोल घरटं, धुक्यात असल्यासारखं पुसट. धुकं राखाडी निळं. फांदी चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात, तिच्याखाली सगळी मोकळी जागा आणि त्यात फक्त शेपूट.

शेपूट आखूड किंवा पाठीवर वळलेली आली तर:

> शेपूट पाठीवर वळलेली नको. ती ओळंब्यासारखी सरळ खाली, शरीराच्या दीडपट लांब. पाठीवर पट्टे नाहीत, ही अंगणातली खार नाही.

३. वेळासची कासवं

ताई, हे चित्र मी तुझ्यासाठी लिहिलं आहे. वेळासला पहाटे आपण वाळूत बसलो होतो आणि टोपलीखालून ती एवढीशी पिल्लं बाहेर पडली, तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘कुणी शिकवलं गं यांना कुठे जायचं ते?’ नंतर दिवसभर तू फारशी बोलली नव्हतीस. म्हणून यात पिल्लू पाठमोरंच हवं. ते जातं आहे आणि आपण मागे थांबून बघतो आहोत.

> कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर पहाटेची वेळ. ऑलिव्ह रिडले कासवाचं एकच नुकतं जन्मलेलं पिल्लू ओल्या वाळूवरून समुद्राकडे निघालेलं, आपल्याला पाठमोरं. पिल्लू गडद राखाडी, पुढचे वल्ह्यासारखे पाय शरीराच्या मानाने लांब, पाठ बदामाच्या आकाराची. मागे वाळूत त्याच्या पायांची नाजूक नक्षी, गोधडीच्या धावदोऱ्यासारखी तुटक तुटक, चित्राच्या खालच्या कडेपासून पिल्लापर्यंत. समोर समुद्राची एकच पातळ लाट, राखाडी निळी, कडेला मोतिया फेस. आकाश फिकट अबोली, सूर्य नाही. पिल्लू चित्राच्या खालच्या भागात, आकाराने लहान, बाकी सगळी वाळू, पाणी आणि आकाश, तीन शांत आडव्या पट्ट्यांत.

पिल्लं दहा-बारा आली तर ‘एकच पिल्लू’ हे शब्द अगदी सुरुवातीला आणा. माग धावदोऱ्यासारखा उमटला नाही तर दुसरा नमुना मागा, पण तो सोडू नका. आजीचा हात या भिंतीवर तेवढ्याच एका जागी दिसणार आहे.

४. गाय-वासरू

> कोकणातली लहान चणीची तांबूस गाय बसलेली, तिच्या कुशीत दुमडून झोपलेलं वासरू. गायीची मान मागे वळून वासराच्या पाठीवर टेकलेली, दोघांचा मिळून एकच गोल आकार. गायीची शिंगं आखूड, टोकं बोथट. गळ्यात साधी दोरी, घंटा नाही. खाली गवताचा पिस्ता रंगाचा एक फराटा, मागे काही नाही.

५. सुगरणीचा खोपा

इथे आधी पिंगळा होता. मला फार आवडायचा, पण आजीला बाळाच्या खोलीत घुबडाच्या जातीचं काही नको आहे, आणि तिचा शब्द मोडून भिंत सजवायची नाही.

> बाभळीच्या वाकलेल्या एका फांदीला लोंबणारा सुगरण पक्ष्याचा खोपा, गवताच्या पात्यांनी विणलेला, वर निमुळता, मध्ये गोल फुगीर, खाली नळीसारखं तोंड. नळीच्या टोकाला बसलेला एक नर, डोक्यावर फिकट पिवळा रंग, चोचीत गवताचं लांब पातं. विणीचे धागे जवळून दिसतील इतके स्पष्ट, बाकी सगळं पुसट. फांदीवर काटे दाखवू नका. खोपा चित्राच्या मध्यापासून थोडा डावीकडे.

एवढ्या एका चित्रात पिवळा रंग चालेल, पण हळदीच्या पाण्याइतकाच.

६. पहिल्या महिन्यांसाठी काळं-पांढरं

वरची पाचही चित्रं खरं तर सध्या तुम्हां दोघांसाठी आहेत. तान्ह्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, आणि असे मंद रंग त्याला अजून वेगळे ओळखू येत नाहीत. ठळक काळं-पांढरं मात्र दिसतं. म्हणून हे एक वेगळं चित्र, ए४ जाड कागदावर, भिंतीला न लावता हातात धरून दाखवायचं. याला शेवटचा सामायिक भाग जोडू नका.

> पूर्ण पांढऱ्या कागदावर पूर्ण काळ्या रंगात एक झोपलेला ससा, बाजूने दिसणारा, अंगाचा आकार एकच मोठा अंडाकार, कान पाठीवर आडवे टेकलेले. अंगावर तीन जाड गोल वळसे, एकात एक. डोळ्याच्या जागी एक छोटी खाली वळलेली रेघ. राखाडी छटा नाही, पोत नाही, सावली नाही, बारीक रेषा नाहीत, अक्षरं नाहीत. आकाराच्या कडा स्वच्छ आणि गोल.

वारली पद्धतीत काढायचं का, असं भाऊजींनी विचारलं होतं. मला नको वाटतं. वारली बायका लग्नात भिंतीवर चौक काढतात, त्यात त्यांची पालघट देवी असते. ॲपकडून त्याची नक्कल करून घेण्यापेक्षा पुढे कधी डहाणूकडच्या एखाद्या चित्रकाराकडून खरं चित्र विकत घेऊ आणि बाहेरच्या खोलीत लावू.

छपाईवाल्याला एवढंच सांगा: पहिली पाच चित्रं ए३, उभी, मॅट कागद, ३०० डीपीआय. म्हणजे फाइल ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल हवी. ॲपमधून लहान आली तर आधी मोठी करून घ्या. ३:४ चौकटीच्या बाजूच्या कडा ए३ला थोड्या कापल्या जातील, म्हणून प्रॉम्प्टमध्ये मोकळी जागा मागितली आहे. मॅट म्हणजे मॅटच, कारण पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी ऊन थेट त्या भिंतीवर येतं आणि चकचकीत कागदावर नुसता उजेड दिसेल.

फ्रेमला काच नको. पाळण्याच्या वरच्या भिंतीवर काहीही टांगायचं नाही, अगदी हलकं असलं तरी. पाचही चित्रं समोरच्या भिंतीवर एका ओळीत लावा, ताई पाजायला बसेल त्या खुर्चीवरून सरळ नजरेत येतील इतक्या उंचीवर. डावीकडून शेकरू, पिसोरी, गाय-वासरू, खोपा, आणि खिडकीकडे कासव, म्हणजे ते उजेडाच्या बाजूला निघालेलं दिसेल.

शेकरूचे नमुने आले की आधी मला पाठवा. शेपटीचं मी बघते.