४ ऑगस्टची चुकलेली अपॉइंटमेंट: माफी, आणि नवीन वेळ मिळावी म्हणून विनंती

नमस्कार ताई,

मी अमळनेरहून मनीषा. सोमवारी ४ तारखेला सकाळी ११.२० ची वेळ माझ्या सासूबाईंच्या नावाने, सिंधूबाई, वय ६२, अशी घेतलेली होती. शुगरच्या डॉक्टरांना पहिल्यांदाच दाखवायचं होतं. आम्ही आलो नाही आणि कळवलंही नाही. तुमचे दोन मिस्ड कॉल मी दुपारी अडीचला पाहिले. त्याच वेळी उलटा फोन करायला हवा होता. पण काय तोंडाने बोलू, या विचारात सोमवार गेला आणि आजचा मंगळवारही संध्याकाळपर्यंत गेला. त्याबद्दल आधी माफी मागते.

त्यातून शुक्रवारी तुमचा आठवणीचा मेसेज आला, तेव्हा मी 'हो, येतोय' असं उत्तर पाठवलं होतं. म्हणजे तुम्ही आमच्या भरवशावर ती वेळ धरून ठेवली आणि दुसऱ्या कुणा पेशंटला नाही म्हटलं असेल. न येण्यापेक्षा हेच मला जास्त लागलंय.

झालं असं. १६ जुलैला फोनवर तुम्ही ४ तारीख सांगितलीत, मी लगेच 'चालेल' म्हणाले. तेव्हा श्रावण लागायचा होता आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही जळगावच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. रविवारी बसली की सोमवारी सकाळी विसर्जन. लग्नाला चौदा वर्षं झाली, दरवर्षी सव्वा मूठ गहू मोजून रोटांचं दळण मीच आणते, आणि तारीख घेताना मात्र विसरले. शुक्रवारी लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, विसर्जन नऊपर्यंत उरकेल, तिथून तसेच स्टेशनवर जाऊ, गाडी मिळाली तर अकरापर्यंत जळगाव. रविवारी रात्रभर गाणी चालली. सकाळी बँडवालाच साडेनऊला उगवला. सासूबाईंना म्हटलं, आपण दोघी निघू, बाकीचे नेतील बोरीवर. तर म्हणाल्या, "कानबाईले सोडीसन मी दवाखानामा जाऊ?" पुढे मी काही बोलले नाही. फोन घरी पिशवीत, त्यांच्या फाइलीवर ठेवलेला होता.

त्यांना दोष देत नाही. तारीख मी घेतली, 'हो' मी पाठवलं, फोनही मीच घरी ठेवला.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहिते आहे ते. विसर्जनाला त्या अनवाणी गेल्या, नदीपर्यंत आणि परत. डांबर तापलेलं होतं. संध्याकाळी पाय धुताना मला त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड दिसला, वरची कातडी निघालेली. विचारलं, दुखत नाही का? म्हणाल्या, कुठं काय झालंय? बोटाने दाबून दाखवलं तरी त्यांना कळेना. तळव्यांना मुंग्या येतात हे त्या वर्षभर सांगत होत्या, त्यासाठीच तर तुमच्याकडची वेळ घेतली होती. आज सकाळी इथल्या आमच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जखम धुऊन ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या, रोज ड्रेसिंगला बोलावलंय, आणि याच आठवड्यात जळगावला दाखवा, पुढे ढकलू नका असं सांगितलं. तशी चिठ्ठीही दिली आहे, तिचा फोटो या मेसेजखाली पाठवते. सूज नाही, ताप नाही, पाणीही येत नाही.

म्हणून विनंती, गुरुवार ७ किंवा शुक्रवार ८ ला कुठलीही वेळ निघत असेल तर द्या. कुणी ऐनवेळी रद्द केलं आणि तुम्ही तासभर आधी फोन केलात, तर मात्र आम्हाला पोचता येणार नाही, अमळनेरहून घर ते दवाखाना दोन तास धरावे लागतात. आदल्या रात्री नऊपर्यंत कळलं तरी आम्ही निघतो. यादीत मधे घुसवा असं म्हणत नाही. सकाळपासून येऊन बसू, सगळे पेशंट झाले की शेवटी घेतलं तरी चालेल. शनिवारी ९ ला राखी आहे, नणंद येणार आहे, पण तेवढाच दिवस मोकळा असेल तर तोही चालेल. नणंदेला सांगून झालंय, राखी संध्याकाळी बांधू. या आठवड्यात काहीच जमत नसेल तर तेही स्पष्ट सांगा, म्हणजे इथल्या डॉक्टरांना विचारून आम्ही दुसरीकडे दाखवू. पायाचं थांबवून ठेवायची माझी हिंमत नाही.

डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं असेल तर थोडक्यात: शुगर नऊ वर्षांपासून. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, बीपीची एक गोळी. जूनमधल्या रिपोर्टमध्ये उपाशीपोटी १८६, जेवणानंतर २७४, एचबीएवनसी ९.१. चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे, डोळ्यांचा पडदा कधी तपासलेला नाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही मागे उपाशीपोटी या असं सांगितलं होतं. रविवारपासून घरात रोट आहेत, पुरणाचे, आणि ते घरच्यांनीच संपवायचे असतात. सासूबाईंनी किती खाल्ले ते मला विचारू नका, मी मोजायला गेले तर ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसतात. अशात उपाशीपोटीची शुगर करून उपयोग आहे की जूनचाच रिपोर्ट डॉक्टर बघतील? रक्त द्यायचं असेल तर वेळ शक्यतो सकाळची द्या. उपाशी राहून त्यांना मागे एकदा गाडीत चक्कर आली होती. रक्त द्यायचं नसेल तर त्या खाऊन निघतील आणि मग दुपारची वेळही चालेल.

नाव नोंदवताना ३०० रुपये ऑनलाइन भरले होते. ते बुडाले असतील तर माझी काही तक्रार नाही, चूक आमची आहे. नव्या वेळेसाठी पुन्हा भरायचे असतील तर त्याच क्यूआरवर भरू की काउंटरवर, एवढं सांगा.

या वेळी तारीख मिळाली की आधी घरात सगळ्यांना विचारून मगच 'हो' पाठवीन. सोबत मी आणि माझे मिस्टर दोघं येऊ, त्यांनी दोन्ही दिवसांची सुट्टी सांगून ठेवली आहे. सासूबाईंना जिना चढवायचा नाही असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्याकडे लिफ्ट सुरू असते ना? नसेल तर खाली खुर्ची मिळाली तरी बरं होईल.

फोन आता माझ्या हातातच आहे. उद्या दवाखाना उघडल्यावर, साडेदहाच्या सुमारास मी स्वतः फोन करते, तुम्हाला आधी वेळ मिळाला तर याच नंबरवर करा.

तुमची,
मनीषा
(सिंधूबाईंची सून, अमळनेर)
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५