सराव चाचणी 4: युक्तिवादातला दोष ओळखा

वेळ 15 मिनिटे, गुण 12. प्रत्येक प्रश्नाला 2 गुण. उत्तर चुकलं तरी गुण कापले जाणार नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका.

दिलेली माहिती खरी धरून चाला. निष्कर्ष तुम्हाला पटतो का, हे विचारलेलं नाही. सांगितलेल्या कारणांवरून तो निघतो का, एवढंच पाहायचं आहे. काही युक्तिवाद निर्दोषही असू शकतात.

1. "सोमवारी नवी उशी घेतली आणि बुधवारी डोकं दुखायचं थांबलं. उशीचाच गुण!"
(अ) काकतालीय न्याय (आ) चक्रक दोष (इ) दोनच पर्यायांचा आभास (ई) दोष नाही

2. "या वेबसाइटवरची माहिती खरीच असते." "कशावरून?" "अगं, तिथेच लिहिलंय ना, आम्ही फक्त खरी माहिती देतो म्हणून."
(अ) व्यक्तिगत हल्ला (आ) चक्रक दोष (इ) घाईचं सामान्यीकरण (ई) दोष नाही

3. आई: "अभ्यासाला बसशील तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवत जा."
मुलगा: "म्हणजे मी मित्रांशी बोलायचंच नाही! माणसाने असं एकटं पडून जगायचं का? तुझं म्हणणं चूकच आहे, आई."
(अ) घसरगुंडीचा युक्तिवाद (आ) व्यक्तिगत हल्ला (इ) म्हणण्याचा विपर्यास (ई) दोष नाही

4. "रात्री 50 मीटरवरून गाडीचा नंबर वाचला, असं हा साक्षीदार सांगतो. पण चष्म्याशिवाय त्याला 5 मीटरवरची पाटीही वाचता येत नाही, आणि त्या रात्री चष्मा घरीच राहिला होता. तेव्हा त्याने सांगितलेल्या नंबरावर विसंबता येणार नाही."
(अ) व्यक्तिगत हल्ला (आ) अज्ञानाचा आधार (इ) काकतालीय न्याय (ई) दोष नाही

5. "लिफ्ट बंद असली की काका जिन्याने येतात. आज ते जिन्याने आले. म्हणजे लिफ्ट बंद आहे."
(अ) चक्रक दोष (आ) उत्तरांगाचा स्वीकार (इ) पूर्वांगाचा नकार (ई) दोष नाही

6. पर्याय नाहीत, दोन-तीन वाक्यांत लिहा.
"कर्मचारी ई-मेल वाचतात का, हे पाहण्यासाठी आम्ही सगळ्यांना ई-मेलने प्रश्नावली पाठवली. 40 उत्तरं आली, त्यातल्या 38 जणांनी 'रोज वाचतो' असं कळवलं. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ सगळेच ई-मेल वाचतात."

उत्तरं आणि स्पष्टीकरण

1. (अ) कावळा बसला आणि फांदी तुटली. आधी-नंतर एवढंच दिसतं, त्यामुळेच झालं हे दिसत नाही.

2. (आ) जे सिद्ध करायचं, तेच पुरावा म्हणून पुढे केलं आहे.

3. (इ) इथे बरेच जण (अ) निवडतात, कारण मुलाचं बोलणं टोकाला जातं. पण घसरगुंडीत पायऱ्या लागतात: आज हे झालं तर उद्या ते होईल, मग परवा अमुक. मुलगा असं काही म्हणत नाही. आई बोलली अभ्यासाच्या वेळेपुरतं आणि फोनपुरतं. त्याने 'मित्रांशी कधीच बोलायचं नाही' असं तिच्या तोंडी घातलं आणि ते खोडून काढलं. तिची मूळ सूचना तशीच राहिली, तिला उत्तर मिळालेलंच नाही. आईच्या स्वभावावर तो घसरला असता, तर (आ) चा विचार करता आला असता.

4. (ई) फसवा प्रश्न, आणि मुद्दाम घातलेला. माणसाबद्दल काही वाईट बोललं की 'व्यक्तिगत हल्ला' असा शिक्का मारायची सवय लागते. बोललेली गोष्ट मुद्द्याशी संबंधित आहे का, ते आधी पाहा. साक्ष डोळ्यांनी पाहिल्याची आहे, म्हणून नजर कशी आहे हा प्रश्न रास्तच. त्याऐवजी 'हा माणूस भांडखोर आहे, याचं काय ऐकायचं?' असं म्हटलं असतं, तर (अ) बरोबर ठरलं असतं. निष्कर्षही किती बेताचा आहे, पाहा: नंबर चुकीचा आहे असं कुणी म्हणत नाही, त्यावर विसंबता येणार नाही एवढंच म्हटलं आहे.

5. (आ) 'लिफ्ट बंद' हे पूर्वांग, 'जिन्याने येतात' हे उत्तरांग. उत्तरांग खरं ठरलं म्हणून पूर्वांग खरं ठरत नाही. काका व्यायाम म्हणूनही जिना चढत असतील. हा दोष ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या 13 तर्कदोषांमध्येही आहे. (इ) कधी बरोबर ठरलं असतं? 'लिफ्ट चालू आहे, म्हणजे काका जिन्याने येणार नाहीत' असं म्हटलं असतं तर.

6. नमुना उत्तर: "हा पक्षपाती नमुन्याचा दोष आहे. जे ई-मेल वाचतच नाहीत, त्यांच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही, म्हणून उत्तरांत ते दिसत नाहीत. उत्तर देणाऱ्यांवरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढता येत नाही."

तपासनिसांसाठी: दोषाचं नाव नेमकं नसलं तरी नमुना एकाच बाजूचा का झाला, हे सांगितलं असेल तर पूर्ण 2 गुण द्या. नुसतं नाव लिहिलं असेल तर 1. 'फक्त 40 उत्तरं, फारच कमी' एवढंच लिहिणाऱ्याला गुण नाही: याच पद्धतीने 400 उत्तरं आली असती तरी ती ई-मेल उघडणाऱ्यांचीच असती.