शपथपत्राचे मराठी भाषांतर: नियमित दिवाणी दावा क्र. 118/2022

मा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, वाई यांचे न्यायालयात

वासंती अविनाश कदम ... वादी
विरुद्ध
प्रकाश रघुनाथ शेवाळे ... प्रतिवादी

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, आदेश 18, नियम 4 अन्वये वादीचे सरतपासणीचे शपथपत्र

[मूळ शपथपत्र इंग्रजीत, एकूण चार पृष्ठे, प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी शपथकर्तीची सही.]

मी, वासंती अविनाश कदम, वय 61 वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षिका, राहणार जयनगर, बेंगळुरू, याद्वारे गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून शपथेवर पुढीलप्रमाणे कथन करते:

1. मी प्रस्तुत दाव्यातील वादी असून दाव्यातील वस्तुस्थितीची मला व्यक्तिशः माहिती आहे, आणि म्हणून हे शपथपत्र करण्यास मी सक्षम आहे.

2. कै. रघुनाथ गणपत शेवाळे हे माझे वडील. त्यांचे दिनांक 22 नोव्हेंबर 2011 रोजी निधन झाले. मृत्यू दाखल्याची प्रत यासोबत जोडली असून तिच्यावर निशाणी-ए अशी खूण केली आहे.

3. माझ्या आईचे निधन वडिलांच्या आधी, सन 2004 मध्ये झाले. वडिलांच्या पश्चात मी आणि प्रतिवादी असे दोघेच वारस आहोत. आम्हाला अन्य भाऊ वा बहीण नाही.

4. मौजे पिंपळवाडी, तालुका वाई, जिल्हा सातारा येथील गट क्रमांक 212, क्षेत्र 1 हेक्टर 24 आर (अक्षरी एक हेक्टर बेचाळीस आर) [मूळप्रमाणे], ही आमची वडिलोपार्जित शेतजमीन असून तिचा सात-बारा उतारा निशाणी-बी म्हणून जोडला आहे. या जमिनीस यापुढे "दावा मिळकत" असे संबोधले आहे.

5. वडिलांच्या तेराव्यानंतर मी बेंगळुरूला परत निघाले, त्या वेळी प्रतिवादी मला घराच्या ओट्यावर म्हणाला, "ताई, वारस नोंदीला तुझी सही लागणार नाही, तलाठ्याकडचं मी बघतो." हे शब्द माझ्या समक्ष उच्चारले गेले असून मला ते जसेच्या तसे आठवतात.

6. परिच्छेद 5 मध्ये नमूद केलेल्या बोलण्यावर विसंबून मी पुढील काही वर्षे दावा मिळकतीच्या महसुली नोंदी पाहिल्या नाहीत. दिनांक 17 ऑक्टोबर 2021 रोजी मी महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा काढला, तेव्हा त्यावर केवळ प्रतिवादीचे नाव असल्याचे, तसेच फेरफार क्रमांक 2317 अन्वये माझे नाव कमी झाल्याचे मला प्रथमच समजले. सदर फेरफाराची प्रमाणित प्रत निशाणी-सी आहे.

7. सदर फेरफार ज्या कथित हक्कसोडपत्राच्या आधारे मंजूर झाला, त्याची प्रत निशाणी-डी आहे. त्यावर दिनांक 14 फेब्रुवारी 2012 असून ते वाई येथे मी करून दिल्याचे म्हटले आहे. असे कोणतेही हक्कसोडपत्र मी करून दिलेले नाही, त्यावरील सही माझी नाही, आणि त्याबद्दल मला कोणताही मोबदला मिळालेला नाही. मी नेहमी देवनागरीत पूर्ण नावाने सही करते. निशाणी-डी वरील सही इंग्रजी आद्याक्षरांची आहे. सदर कागद नोंदणीकृत नाही.

8. दिनांक 14 फेब्रुवारी [~~2011~~ 2012, खोडाखोडीलगत शपथकर्तीची आद्याक्षरी] रोजी मंगळवार होता. त्या दिवशी मी ज्या शाळेत अध्यापन करीत होते तेथे, बेंगळुरूमध्ये, सकाळी 8.05 ते दुपारी 3.40 पर्यंत हजर होते. मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला हजेरीपटाचा उतारा निशाणी-ई आहे.

9. मी दिनांक 4 जानेवारी 2022 रोजी वकिलांमार्फत प्रतिवादीस नोटीस पाठवली (निशाणी-एफ-1). प्रतिवादीने दिनांक 27 जानेवारी 2022 च्या उत्तराने (निशाणी-एफ-2) माझा हिस्सा नाकारला. परंतु हक्कसोडपत्रावर मी कोणासमोर सही केली, हे त्या उत्तरात कोठेही सांगितलेले नाही.

10. माझ्या आत्तेभावाकडून मिळालेल्या माहितीवरून, जी मी खरी मानते, दावा मिळकत प्रत्यक्षात आजही प्रतिवादी कसत असून तिचे उत्पन्न तो एकटाच घेत आहे.

11. मला मिळालेल्या कायदेशीर सल्ल्याप्रमाणे दावा मिळकतीत माझा अर्धा हिस्सा असून तो सरसनिरस वाटपाने स्वतंत्र करून मिळण्यास मी पात्र आहे.

12. या शपथपत्रातील निशाण्या केवळ ओळखीसाठी असून त्या पुराव्यात वाचण्याबाबत मा. न्यायालय देईल तो आदेश मला मान्य राहील. न्यायालयीन निशाणी क्र. 5 वरील अर्जातील माझे कथन या शपथपत्राचा भाग समजावे.

सत्यापन

मी, वर नामनिर्दिष्ट शपथकर्ती, गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की, वरील परिच्छेद 1 ते 9 व 12 मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे, परिच्छेद 10 मधील मजकूर तेथे नमूद केलेल्या माहितीवरून खरा असल्याचा माझा विश्वास आहे, आणि परिच्छेद 11 मधील मजकूर मला मिळालेल्या कायदेशीर सल्ल्यावर आधारलेला आहे; यातील कोणताही भाग खोटा नाही व कोणतीही महत्त्वाची बाब लपवून ठेवलेली नाही.

बेंगळुरू येथे दिनांक 3 जून 2024 रोजी सत्यापित केले.

[सही: वासंती अविनाश कदम, देवनागरीत]
शपथकर्ती

शपथकर्तीला मी ओळखतो. [सही: वकील]

बेंगळुरू येथे दिनांक 3 जून 2024 रोजी, शपथकर्तीला मजकूर वाचून व समजावून दिल्यानंतर, तिने माझ्यासमोर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून सही केली.

[सही व गोल शिक्का: नोटरी. शिक्क्यातील कन्नड मजकूर भाषांतरित केलेला नाही. त्याखाली नोटरी तिकीट.]

भाषांतरकाराचे निवेदन

मी, नीलिमा शरद गोखले, राहणार वाई, प्रतिज्ञेवर सांगते की, वरील भाषांतर मी स्वतः मूळ शपथपत्रावरून केले असून ते माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे पूर्ण आणि मुळाशी इमानदार आहे. परिच्छेदांचे क्रमांक मुळाप्रमाणेच ठेवले आहेत, कारण सत्यापन त्याच क्रमांकांवर उभे आहे, आणि उलटतपासणीत साक्षीदाराला परिच्छेद दाखवताना दोन्ही प्रती एकाच वेळी उघडता आल्या पाहिजेत.

परिच्छेद 4 मध्ये मुळातच अंकांत 24 आर आणि अक्षरांत बेचाळीस आर असे लिहिलेले आहे. निशाणी-बी वरून कोणता आकडा बरोबर आहे ते कोणालाही ताडता येईल, तरीही मी तो दुरुस्त केलेला नाही: शपथेवर लिहिलेला आकडा बदलण्याचा अधिकार शपथकर्तीलाच आहे आणि तोही न्यायालयाच्या परवानगीने. वादीच्या वकिलांना ही विसंगती मी लेखी कळवली आहे. परिच्छेद 8 मधील खोडलेले साल त्याच कारणाने खोडलेल्या स्थितीतच दाखवले आहे.

परिच्छेद 5 मधील प्रतिवादीचे वाक्य मूळ इंग्रजी शपथपत्रातही मराठीतच, रोमन लिपीत लिहिलेले आहे. मी त्याचे फक्त लिप्यंतर केले असून त्यातील एकही शब्द बदललेला नाही.

शपथपत्राला जोडलेल्या कागदांवरील ए ते एफ-2 या खुणा शिक्क्यांतील अक्षरांप्रमाणेच ठेवल्या आहेत. त्यांना मराठी अक्षरे दिली असती तर जोडपत्रावरील शिक्का व भाषांतरातील खूण जुळली नसती. परिच्छेद 12 मधील न्यायालयीन निशाणी क्र. 5 मात्र या न्यायालयाने दिलेला क्रमांक आहे, म्हणून तिच्यापुढे "न्यायालयीन" हा शब्द मी स्पष्टतेसाठी जोडला आहे. मुळाबाहेरचा हा एकमेव शब्द आहे. चौकोनी कंसांतील मजकूर माझे वर्णन असून शपथपत्राचा भाग नाही. निशाणी-ए ते डी हे कागद मुळातच मराठीत असल्याने, तर निशाणी-ई, एफ-1 व एफ-2 यांचे भाषांतर स्वतंत्रपणे दाखल होणार असल्याने, येथे जोडलेले नाहीत.

वाई, दिनांक 18 जून 2024
[सही: नीलिमा शरद गोखले]
भाषांतरकार