शनिवारच्या टेस्टचे प्रश्न : आफ्रिकेची वाटणी (बारावी आर्ट्स, 25 मार्क)

मुलांनो, मागच्या टेस्टला बऱ्याच जणांनी कच्चा माल, बाजारपेठ, राष्ट्रवाद, गोऱ्यांचं ओझं असं सगळं एकाच पोत्यात भरलं होतं. ह्यावेळी पैसा कुठे, सत्तांची आपसातली चुरस कुठे आणि जगाला सांगायला पुढे केलेलं कारण कुठे, हे वेगळं काढून दाखवायचं. नुसती यादी केली तर अर्धेच मार्क.

प्र. 1) 1875 ला डिझरायलीने इजिप्तच्या खेदिवाकडचे सुएझ कालव्याचे शेअर 40 लाख पौंडांना घेतले आणि 1882 ला ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली. ह्यात भारताकडे यायचा रस्ता किती, युरोपियन सावकारांचं अडकलेलं कर्ज किती आणि फ्रान्सवर वचक किती? तुम्ही कशाला जास्त वजन द्याल ते कारण देऊन लिहा. (5)

प्र. 2) 1881 ला फ्रान्सने ट्युनिशिया घेतला आणि पुढच्याच वर्षी इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात गेला. का? चार ओळी बास. (2)

प्र. 3) 1898, फॅशोडा. नाईलकाठचं दलदलीचं ठाणं, तिथे तेव्हा विकायला ना घ्यायला काही, तरी मार्शां आणि किचनेर समोरासमोर आले आणि दोन देश युद्धाच्या काठावर गेले. "वसाहती फक्त नफ्यासाठीच घेतल्या" असं म्हणणाऱ्याला ह्या उदाहरणावरून काय उत्तर द्याल? (4)

प्र. 4) काँगो. नीट वाचा, हा मोठा आहे.
लिओपोल्ड दुसरा गुलामांचा व्यापार थांबवायचा, विज्ञान आणि सुधारणा न्यायची म्हणत होता, आणि बर्लिन परिषदेच्या (1884-85) काळात बाकीच्या सत्तांनीही त्याचा काँगोवरचा हक्क मान्य केला. पुढे सायकल आणि मोटारीच्या टायरमुळे रबराला भाव आला आणि कोटा भरला नाही म्हणून गावंच्या गावं भरडली गेली, हात तोडले गेले. 1908 ला बेल्जियम सरकारला ताबा घ्यावा लागला.
अ) मोठ्या सत्तांनी एवढा भाग छोट्या देशाच्या राजाला का सोडला? (3)
आ) परोपकाराची भाषा नसती तर त्याला ही मान्यता मिळाली असती का? (3)
(अ मध्ये रबर लिहू नका, रबराची तेजी नंतरची आहे, तारखा बघा.)

प्र. 5) जुलै 1885 ला फ्रेंच संसदेत ज्यूल फेरीने एकाच भाषणात मालाला बाजारपेठ हवी, वरच्या वंशांचं खालच्यांना सुधारायचं कर्तव्य आहे, आणि फ्रान्स मागे राहिला तर मोठी सत्ता राहणार नाही, असे तिन्ही मुद्दे मांडले. प्रत्येक मुद्दा कोणाला पटवायला असेल? (5)

प्र. 6) 1890 ला ब्रिटनने अल्टिमेटम देऊन पोर्तुगालला अंगोला ते मोझांबिक सलग पट्ट्याचा दावा सोडायला लावला. (हो, तेव्हा गोवा ज्यांच्याकडे होतं तेच पोर्तुगीज.) दोघंही 'सुधारणा' करायला आलेले, मग भांडण कशाचं? (3)