जूनचं म्हणींचं कॅलेंडर : नंदगड अभ्यासगट

वाचनालयाच्या भिंतीवर लावायची प्रत. रोज संध्याकाळी सातला, पुस्तक उघडण्याआधी, ज्याची पाळी असेल त्यानं त्या दिवसाची म्हण मोठ्यानं वाचायची आणि काम सांगायचं.

आपण बहुतेक सगळे मराठी शाळेतले. तलाठी परीक्षेत सक्तीच्या कन्नड पेपरला १५० पैकी ५० गुण पडले नाहीत, तर बाकीचं केलेलं फुकट जातं. त्या पेपरची धास्ती आपण उगाच घेतली आहे. खानापूरच्या बाजारात आपल्या आज्या जी कन्नड बोलतात, तिच्यात म्हणी आपल्यासारख्याच आहेत. म्हणून दुसरा आठवडा पूर्ण जोडम्हणींचा ठेवला आहे.

बैठक

१ जून. थेंबे थेंबे तळे साचे. रोज दोन तास, सुट्टी पकडून. आज फक्त प्रत्येकानं आपलं वेळापत्रक लिहायचं.

२. एक ना धड भाराभर चिंध्या. एका विषयाला एकच पुस्तक. जादाची पुस्तकं आजच कपाटात परत.

३. तहान लागल्यावर विहीर खणू नये. जुन्या प्रश्नपत्रिका आत्ता जमवायच्या, अर्ज भरल्यावर नाही.

४. रात्र थोडी सोंगं फार. मोबाइल दारातल्या टोपलीत.

५. काखेत कळसा गावाला वळसा. आज जागतिक पर्यावरण दिन, तेव्हा नद्या. नकाशात गंगेपासून सुरुवात करायची नाही, आपल्या तालुक्यापासून करायची. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादई याच तालुक्यात जन्मते, पण पश्चिमेला जाऊन गोव्यात मांडवी होते. म्हणजे आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस थोडा बंगालच्या उपसागरात जातो, थोडा अरबी समुद्रात. एवढं नीट कळलं की पूर्ववाहिनी-पश्चिमवाहिनीचा प्रश्न कधी चुकणार नाही.

६. शितावरून भाताची परीक्षा. वीस प्रश्नांची छोटी चाचणी.

७. आधी पोटोबा मग विठोबा. पेरणीचे दिवस आहेत. ज्यांच्या शेतात माणूस कमी पडतो, त्यांनी आज यायचं नाही, आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. त्यांच्यासाठी टिपणं काढून ठेवायची जबाबदारी बाकीच्यांची.

जोडम्हणी

८. हनि हनि गूडिदरे हळ्ळ. एक तारखेचीच म्हण. हनि म्हणजे थेंब, हळ्ळ म्हणजे ओढा. आपल्याकडे तळं साचतं, त्यांच्याकडे ओढा होतो.

९. नाचता येईना अंगण वाकडे : कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळु. नेल म्हणजे जमीन, डोंकु म्हणजे वाकडी. पहिला शब्द लांब वाटतो, पण तोडला की सोपा आहे. ‘कुणि’ नाचणं, ‘आरद’ न जमणारं, ‘अवळु’ ती. असे पाच लांब शब्द आज फळ्यावर तोडायचे.

१०. दुरून डोंगर साजरे : दूरद बेट्ट नुण्णगे. ‘दूरद’मधला ‘द’ आपल्या ‘चा’चं काम करतो.

११ आणि १२. उथळ पाण्याला खळखळाट फार : तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल. भरलेली घागर हिंदकळत नाही. मराठी म्हण उथळ माणसाबद्दल बोलते, कन्नड म्हण भरलेल्या माणसाबद्दल. मला ही जोडी सगळ्यांत आवडते, म्हणून दोन दिवस दिले आहेत. शेवटचं ‘उवुदिल्ल’ पाठ करायचं : माडुवुदिल्ल, होगुवुदिल्ल, बरुवुदिल्ल. करत नाही, जात नाही, येत नाही. पहिल्या दिवशी दहा क्रियापदं, दुसऱ्या दिवशी त्यांचीच वाक्यं.

१३. अंथरूण पाहून पाय पसरावे : हासिगे इद्दष्टु कालु चाचु. आज कन्नडमधून वाचन, दोनच पानं.

१४. कै केसरादरे बायि मोसरु. हात चिखलात गेले तर तोंडात दही. हिला नेमकी मराठी जोडी मला सापडली नाही. कुणाच्या घरी ऐकलेली असेल तर इथेच शेजारी लिहा. भाताची लावणी केलेल्या माणसाला हिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आज याच म्हणीवर कन्नडमध्ये एक पान लिहायचं. चुका झाल्या तरी चालतील, पान कोरं नको.

चुका

१५. पुढच्यास ठेच मागचा शहाणा. गेल्या वेळी ज्यांनी परीक्षा दिली, त्यांनी आज आपल्या चुका मोकळेपणानं सांगायच्या. मी सुरुवात करतो. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो हे मला माहीत होतं, तरी शेवटच्या दहा मिनिटांत घाबरून मी राहिलेले सगळे गोल रंगवले. चार चुकांना एक गुण गेला, असं करत मी यादीच्या खाली आलो. महिनाभर घरी कुणाशी धड बोललो नाही. ही पाळी आपल्यातल्या दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हा आठवडा आहे.

१६. अति तेथे माती. चारपैकी दोन पर्याय खात्रीनं खोडता आले तरच अंदाज. नाहीतर प्रश्न सोडायचा.

१७. दिव्याखाली अंधार. संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिली, ती आपल्या नंदगडात. लोक लांबून समाधी बघायला येतात आणि गेल्या चाचणीत आपल्यातल्या चौघांनी साल चुकवलं. आज बैठक समाधीजवळ. कित्तूरची १८२४ची लढाई, राणी चन्नम्मा, मग रायण्णाचा उठाव, असं क्रमानं एकेकानं सांगायचं. छत्र्या आणा.

१८. बैल गेला नि झोपा केला. उजळणी, फक्त चुकलेल्या प्रश्नांची.

१९. ज्याचे जळते त्याला कळते. ज्याचं गणित कच्चं, त्यानंच आज फळ्यावर यायचं. हसायचं नाही.

२०. हाताच्या काकणाला आरसा कशाला. पूर्ण वेळेची सराव परीक्षा.

२१. पळसाला पाने तीनच. पंचायत राज लक्षात ठेवायला हीच म्हण : ग्रामपंचायत, तालुका पंचायत, जिल्हा पंचायत. अनुच्छेद ४० मध्ये ग्रामपंचायतींचं मार्गदर्शक तत्त्व होतं. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं त्याला घटनात्मक बळ आलं आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली.

सोबत

२२. गाव करी ते राव न करी. जोड्या पाडायच्या : एक कन्नडला बरा, एक गणिताला.

२३. शेरास सव्वाशेर. जोडीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याला दहा प्रश्न.

२४. ऐकावे जनाचे करावे मनाचे. घरून लग्नाचा, दुकानाचा, पुण्याला जाण्याचा विषय निघतोच. मुलींच्या घरी जास्त निघतो. ज्याला बोलायचं असेल त्यानं आज बोलावं. अर्धा तास ठेवला आहे.

२५. व्यक्ती तितक्या प्रकृती. कुणी पहाटे वाचावं, कुणी रात्री. अनुच्छेद ३५०अ आज वाचायचा : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. तो १९५६च्या सातव्या दुरुस्तीनं आला. आपण शिकलो त्या शाळांशी याचा थेट संबंध आहे.

२६. आधी केले मग सांगितले. राजर्षी शाहूंची जयंती, जन्म १८७४. कोल्हापूर संस्थानात १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखल्या.

२७. ताळिदवनु बाळियानु. जो सोसतो तो टिकतो.

२८. मातु बेळ्ळि, मौन बंगार. बोलणं चांदी, मौन सोनं. दोन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसतं वाचन.

२९. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दुसरी सराव परीक्षा. वीस तारखेच्या गुणांशेजारी आजचे गुण लिहायचे.

३०. कर नाही त्याला डर कशाला. कन्नड पेपरचा पूर्ण सराव, १५० गुणांचा. तपासायला माध्यमिक शाळेतल्या कन्नडच्या बाई येणार आहेत, चहा आपल्याकडून. जुलैच्या कॅलेंडरसाठी प्रत्येकानं घरून दोन म्हणी लिहून आणायच्या, एक मराठी आणि एक कन्नड.