शबरीची बुट्टी
बालसंध्येसाठी पाच गाणी, मध्ये आज्जीचं निवेदन

माघातला शनिवार, संध्याकाळी सहा वाजता. जागा शहापूर, बेळगाव, देवळापुढचा कट्टा. मुलं एकतीस, वयं सहा ते बारा. साथीला पेटी, ढोलकी आणि टाळांच्या आठ जोड्या. पट्टी काळी चार. सामानात एक खराटा, एक चटई, एक तांब्या आणि बोरांनी भरलेली वेताची बुट्टी. बोरं खरीच आणायची. कागदाची नकोत, मुलांना वास आला पाहिजे.

पालकांना आणि तालमीला बसणाऱ्यांना आधीच थोडं सांगते. ही गोष्ट अरण्यकांडाच्या शेवटी येते. वाल्मीकींनी शबरीचा आश्रम पंपा सरोवराच्या पश्चिम तीरावर सांगितला आहे. आपल्या जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळ शबरीकोळ्ळ आहे. ती इथंच होती, असं तिथली माणसं मानतात. आपल्यातली बरीच मुलं तिथं जाऊन आली आहेत, म्हणूनच मी हा प्रसंग घेतला. रामाचं युद्ध मुलांना पाठ आहे. पण युद्धाच्या आधी एक म्हातारी वर्षानुवर्षं वाट बघत होती, आणि वाट बघताना रोज काहीतरी करत होती, ते त्यांना गायला मिळावं.

चाखलेल्या बोरांची कथा वाल्मीकींत नाही. तिथं शबरी रामासाठी पंपेकाठचं रानातलं खाणं जमवून ठेवते, एवढंच आहे. चाखणं लोकांनी घातलं, आणि ते मला इतकं खरं वाटतं की तिसरं गाणं त्याच्यावरच उभं केलं. मुलांना "उष्टं" हा शब्द समजावत बसू नका. कुठलीही आज्जी नातवाला द्यायच्या आधी चव बघतेच.

घोष पहिल्या तीन गाण्यांनंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचा. आपली निम्मी मुलं गल्लीत कन्नडही बोलतात, म्हणून तो दोन्ही भाषांत आहे:

ये रामा ये, बा रामा बा!
ये रामा ये, बा रामा बा!

आज्जी (कट्ट्यावर बसून, दिवा लावत) : पोरांनो, पंपेच्या काठाला मतंग ऋषींचं बन होतं. तिथं एक रानातली मुलगी राहायची. तिचं नाव शबरी. ती तिथल्या ऋषींची सेवा करायची. एके दिवशी ऋषी स्वर्गाला निघाले. रडायच्या आधी तिला काय सांगितलं, ऐका.

१. ऋषी गेले (अभंगाची चाल, ठेका सावकाश. मुली गातील, मुलं फक्त टाळ धरतील.)

मतंगांच्या बनी, पंपेच्या किनारी,
राहिली शबरी सेवेसाठी.

पहाटे उठावे, अंगण झाडावे,
पंपेचे आणावे पाणी थंड.

ऋषींना बोलावी स्वर्गाची ती वाट,
डोक्यावर हात ठेवियेला.

म्हणाले, इथेच थांब तू गं मुली,
येईल पाउली राम इथे.

कधी, हे पुसाया राहूनच गेले,
तिने डोळे नेले वाटेवर.

(शेवटची ओळ दुसऱ्यांदा म्हणताना ढोलकी थांबवायची. "वाटेवर" म्हणताना सगळ्यांनी उजवीकडे, देवळाच्या कमानीकडे बघायचं. तिथूनच राम येणार आहे.)

घोष.

आज्जी : आता तुम्ही सांगा, कुणी पाहुणा यायचा असला की आई काय करते? (मुलांना बोलू द्यावं, घाई करू नये.) बरोबर, केर काढते. शबरीनं पण खराटा घेतला. शेजारच्या झाडावरची पाखरं विचारायची, "काय करूलीस गं शबरी?" ती म्हणायची, "राम येऊलाय. वाट झाडूलोय."

२. झाड गं झाड (झिम्म्याचा ठेका. जोड्या करून टाळ्या. मधोमध शबरी झालेली मुलगी खराटा घेऊन.)

झाड गं झाड, वाट झाड,
काट्याची फांदी बाजूला काढ!
आज येणार, राम येणार,
वाट कशी गं मऊ होणार?
खडा उचल, काटा उचल,
पळसाचं मोठं पान पसर.

पाऊस आला, पडून गेला,
वाटेवरती चिखल झाला.
झाड गं झाड, वाट झाड!

थंडी आली, पानं गळाली,
वाट सगळी झाकून गेली.
झाड गं झाड, वाट झाड!

ऊन आलं, धूळ उडाली,
शबरी पाणी शिंपून आली.
झाड गं झाड, वाट झाड!

(इथून लय उतरत न्यायची. शबरी थोडी वाकते.)

काळे केस पांढरे झाले,
खराट्याचे हीर झिजले.
सूर्य बुडाला, राम नाही,
शबरी काही रुसत नाही.
उद्या पहाटे पुन्हा झाड,
झाड गं झाड... वाट झाड.

तालमीत एक अडचण येईल. मुलांना लय वाढवायची सवय असते आणि झिम्मा म्हटलं की ती पळतात. शेवटचं कडवं संथच हवं. त्यासाठी शबरीची लहानपणची आणि म्हातारपणची अशा दोन मुली ठेवा. "काळे केस" या ओळीला पहिलीनं खराटा दुसरीच्या हातात द्यायचा. हात बदलला की बाकीच्या मुलांचा आवाज आपोआप उतरतो. मी मागच्या दोन्ही तालमींत हे बघितलं आहे.

घोष. या वेळी हळू आवाजात.

आज्जी : पाहुण्याला नुसतं अंगण दाखवून चालतंय का? खायला काय द्यायचं? घरात पीठ नाही, तांदूळ नाही. पण माघ महिना होता, आणि रानात बोरं पिकली होती. (बुट्टी उचलून दाखवते.) सगळी एकसारखी दिसतात बघा. पण गोड कुठलं आणि आंबट कुठलं, हे कसं कळायचं?

३. एक बोर लालम लाल (प्रश्नोत्तराची चाल. "कसं गं आज्जी?" हे प्रेक्षकांतल्या लहान मुलांनी म्हणायचं.)

एक बोर लालम लाल,
कसं गं आज्जी?
आंबट फार!
रामाला नको, बाजूला सार.

दुसरं बोर पिवळं छान,
कसं गं आज्जी?
तुरट पान!
रामाला नको, बाजूला ठेव,
चिमणीच्या पिलाला जरासं दे.

तिसरं बोर गोलमगोल,
कसं गं आज्जी?
किडा खोल!
ज्याचं घर त्याला राहू दे,
किड्याला पोटभर खाऊ दे.

चौथं बोर सुरकुतलेलं,
कसं गं आज्जी?
साखर झालेलं!
अर्धं चाखलं, अर्धं ठेवलं,
बुट्टीत रामाच्या जाऊन बसलं.

(चौथ्या कडव्यानंतर शबरीनं खरंच एक बोर चाखून उरलेलं बुट्टीत ठेवायचं. आवाज न करता. मग सगळ्यांनी पुन्हा :)

सुरकुतलेलं, सुरकुतलेलं,
साखर झालेलं, साखर झालेलं!

पहिल्या तालमीत सुरकुतलेलं बोर कुणी हातात घेईना. लाल, टपोरं तेवढं हवं होतं. मग प्रत्येकाला एकेक चाखायला दिलं. तेव्हापासून ही ओळ ती पोटातून म्हणतात. तुमच्याकडेही गाणं शिकवायच्या आधी बोरं द्या.

घोष. भरपूर आवाजात.

आज्जी : इकडे रामावर मोठं संकट आलं होतं. सीतामाईला रावणानं पळवून नेलं होतं, आणि दोघे भाऊ तिला शोधत रानोरान फिरत होते. वाटेत कबंध नावाचा राक्षस भेटला. रामानं त्याला शापातून सोडवलं. त्यानंच सांगितलं, पंपेकाठी जा, तिथं शबरी आहे, आणि ऋष्यमूक डोंगरावर सुग्रीव आहे.

४. कोण रे दोघे? (मुलांचे दोन गट. एक रान, एक राम-लक्ष्मण. शबरी एकटी गाते.)

रान : कोण रे दोघे, कुठले रे?
पाय किती हे मळले रे!

राम : दूर अयोध्या, तिथून आलो,
चालून चालून थकून गेलो.

रान : काय शोधता रानोरानी?
राम : सीता आमची नेली कुणी.

(थोडं थांबायचं. ढोलकी नको.)

राम : स्वच्छ वाट ही कुणी केली?
रान : एका आज्जीनं रोज झाडली!

शबरी : आलास रामा? दमलास फार,
बस चटईवर, पाणी घे गार.
इतकी वर्षं मी थांबले रे,
बोरं तेवढी जमवली रे.

राम : एक दे, आणि दुसरं दे,
हातानं तुझ्या भरवून दे.

सगळे : राम म्हणाला, "खरंच आई,
असलं गोड कुठंच नाही!"

(राम झालेल्या मुलानं चटईवरच बसायचं. त्याला खुर्ची किंवा पाट देऊ नका. शबरी उभी, तो खाली, असंच दिसलं पाहिजे.)

या गाण्यानंतर घोष नाही. राम आला आहे, आता कुणाला हाक मारायची? मुलांना हे आधी सांगितलं नाही तर सवयीनं कुणीतरी सुरू करतंच.

आज्जी : रामानं तिचं बन बघायचं म्हटलं. तिनं हात धरून सगळं दाखवलं. पूर्वी ऋषींचे शिष्य गुरूंसाठी रानातून ओझी आणायचे. त्यांचा घाम जिथं मातीत पडला, तिथं फुलं आली. ती फुलं कधी सुकली नाहीत, असं रामायणात लिहिलं आहे.

५. घामाची फुलं (भजनी ठेका, सगळे टाळ. शेवटच्या कडव्याला एकेक जोडी कमी करत जायची.)

ओझी आणली डोक्यावरनं, घाम मातीत सांडला,
थेंबाथेंबातून देवा, फुलांचा मळा मांडला!

ऊन आलं, वारा आला, पाकळी नाही गळाली,
कष्टकऱ्यांची फुलं रामा, अजून नाही सुकली!

झाडांवरची वल्कलं बघ, अजून तशीच ओली,
सात समुद्रांची लाट इथं चालत चालत आली!

दिवा घेतला शबरीनं अन् वाट गुरूंची धरली,
बुट्टी राहिली दारापाशी, बोरं सगळी सरली.

राम निघाला डोंगराकडे, सुग्रीवाला गाठाया,
मागं राहिली झाडलेली पंपेकाठची पायवाट.

मूळ कथेत शबरी रामाची परवानगी घेऊन अग्नीत प्रवेश करते आणि गुरूंच्या लोकी जाते. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी अग्नी घालायला माझा हात धजला नाही. पण ती गेली, हेही लपवायचं नव्हतं. म्हणून दिवा. म्हातारी शबरी झालेली मुलगी दिवा हातात घेऊन कट्ट्याच्या मागच्या पायऱ्या उतरते आणि देवळाच्या भिंतीआड जाते. तेवढा वेळ बाकीचे दिवे मालवलेले असावेत. शेवटच्या दोन ओळींना यमक जुळवलेलं नाही. कुणी "दुरुस्त" करायला सुचवलं तर नको म्हणा. सगळं गाणं जुळत येतं आणि तिच्या जाण्यानंतर जुळत नाही, ते मुद्दाम ठेवलंय.

दिवे लागले की लहानपणची शबरी झालेली मुलगी खराटा घेऊन कमानीपासून कट्ट्यापर्यंतची वाट एकदा झाडेल. गाणं नाही, वाद्य नाही, फक्त खराट्याचा आवाज. मग आज्जी दुसरी बुट्टी बाहेर काढेल, आणि मुलं खाली उतरून प्रेक्षकांना बोरं वाटतील. सुरकुतलेली आधी.