दिवाळी फराळाचे डबे उशिरा पोहोचणार आहेत : ६ ते ११ ऑक्टोबरच्या ऑर्डरींबाबत

पुणे, बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार,

६ ते ११ ऑक्टोबर या दिवसांत तुम्ही आमच्याकडे दिवाळी फराळाचा डबा मागवला असेल, तर तो कबूल केल्याप्रमाणे वसुबारसेपर्यंत, म्हणजे शुक्रवार १७ तारखेपर्यंत, पोहोचणार नाही. महाराष्ट्रात एक ते तीन दिवस उशीर होईल, राज्याबाहेर त्याहून जास्त. ऐन सणात तुमची अडचण केल्याबद्दल मनापासून माफी मागतो. ५ तारखेपर्यंतचे सगळे डबे रवाना झाले आहेत.

दिवाळीच्या तोंडावर कुरिअरकडे गर्दी असतेच, त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. चूक आमची आहे. आमच्या स्वयंपाकघरात दिवसाला ६०० डब्यांचा फराळ नीट होतो. ६ तारखेपासून रोज ९०० च्या आसपास ऑर्डरी येत गेल्या आणि आम्ही त्या घेत राहिलो. बुकिंग दुसऱ्याच दिवशी थांबवायला हवं होतं, ते ११ तारखेच्या रात्री थांबवलं.

त्यात रविवारी चकली बिघडली. घाईत ती पुरती गार व्हायच्या आत पाकिटांत भरली गेली. संध्याकाळी एक पाकीट फोडून पाहिलं, तर आतल्या बाजूला दव धरलेलं आणि चकली मोडायच्या ऐवजी वाकत होती. त्या दिवसाची सगळी चकली बाजूला काढली, नवीन भाजणी दळून आणली आणि पुन्हा तळायला घेतली. त्यात दीड दिवस गेला. मऊ पडलेली चकली वेळेवर पाठवण्यापेक्षा उशीर झालेला बरा, हा निर्णय आमचा आहे.

आता डबे असे पोहोचतील :

पुणे आणि पिंपरी-चिंचवड : शनिवार १८ ऑक्टोबर, रात्री ९ पर्यंत. इथे आमचीच माणसं डबा आणून देतील.
मुंबई, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, सातारा, कोल्हापूर : रविवार १९ ऑक्टोबर.
राज्यातली बाकीची सगळी गावं : सोमवार २० ऑक्टोबर.

बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, बंगळूर, हैदराबाद आणि राज्याबाहेरच्या इतर ठिकाणी डबा लक्ष्मीपूजनाच्या आत पोहोचेल, असं आम्ही सांगू शकत नाही. २३ तारखेच्या भाऊबीजेपर्यंत पोहोचवायचा पूर्ण प्रयत्न आहे. पण तुम्हाला फराळ त्याआधी हवा असेल, तर कृपया आमच्या भरवशावर थांबू नका. ऑर्डर रद्द करा आणि जवळपास घ्या.

अनारशांचं वेगळं सांगायला हवं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर सुकवून दळायचे, मग गुळात मळलेलं पीठ मुरू द्यायचं. यात घाई केली की अनारसा तुपात विरघळतो. वाढीव ऑर्डरींचं पीठ शनिवारी तयार होईल, त्यामुळे अनारसे असलेले डबे वरच्या तारखांपेक्षा एक दिवस उशिरा येतील. अनारशांशिवाय डबा चालणार असेल तर कळवा. तो वरच्या तारखेलाच येईल आणि अनारशांचे पैसे परत मिळतील.

उटणं आणि सुगंधी तेल मात्र सोमवारच्या पहिल्या आंघोळीला हातात हवं. ज्यांनी डब्यासोबत ते मागवलं आहे, त्यांचं पार्सल आजच वेगळं काढून पाठवलं आहे. त्याचा जादा खर्च तुमच्याकडून घेतलेला नाही.

उशीर झालेल्या प्रत्येक ऑर्डरचा डिलिव्हरी चार्ज आम्ही परत करत आहोत, त्यासाठी तुम्हाला काही करावं लागणार नाही. पुढच्या खरेदीचं कूपन दिलेलं नाही, कारण झालेल्या चुकीची भरपाई तुमच्याकडून आणखी खरेदी करवून व्हावी, हे आम्हाला पटलं नाही. ऑर्डर रद्द करायची असेल, तर डबा निघाल्याचा मेसेज येईपर्यंत कधीही करता येईल. वेबसाइटवर ‘माझ्या ऑर्डरी’मध्ये ‘रद्द करा’ दाबा. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच तीन कामकाजाच्या दिवसांत जमा होईल.

पैसे परत देण्यासाठी आम्ही ओटीपी, यूपीआय पिन किंवा कार्डचा नंबर विचारत नाही, लिंकही पाठवत नाही. ‘तुमचं पार्सल अडकलं आहे, पाच रुपये भरा’ असे फसवे मेसेज या दिवसांत फिरतात. तसा मेसेज आमच्या नावाने आला तर तो आमचा नाही.

प्रत्येक पाकिटावर पदार्थ तळल्याची किंवा वळल्याची तारीख आहे, पॅक केल्याची नाही. उशिरा आलेला डबाही ताजाच असेल. डबा उघडल्यावर काही मऊ, खवट किंवा चुरा झालेलं निघालं, तर फोटो पाठवा, त्या पदार्थाचे पैसे त्याच दिवशी परत करू.

ज्यांनी डबा थेट आईवडिलांच्या, बहिणीच्या किंवा भावाच्या घरी पाठवायला सांगितला आहे, त्यांच्या घरी आम्ही आपणहून फोन करणार नाही. काहींना ती अचानक भेट द्यायची असेल. उशीर त्यांना आम्ही कळवावा असं वाटत असेल, तर ऑर्डरच्या मेसेजमधल्या नंबरवर तसं सांगा. पाडव्यापर्यंत तो फोन सकाळी ८ ते रात्री १० चालू आहे आणि उचलणाऱ्याला तुमचा डबा नेमका कुठवर आला आहे, हे समोर दिसत असेल.

आपले,
स्वयंपाकघर, पॅकिंग आणि ग्राहक सेवेतले सर्वजण